जाड सोल की पातळ सोल? पहिल्या १० किमीच्या तयारीत बूट पायाचं काय करतो

सकाळचा सराव संपला, मैत्रिणीने बूट काढला, मोजा काढला आणि पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या सरळ रेषेत थोडं मागे एका जागी बोट टेकवलं. म्हणाली, "बाकी कुठे काही नाही. फक्त इथे दाबलं की कळ येते." जागा रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान होती. वरून किंचित सूज होती, लाली नव्हती. चालताना तिला फारसं काही जाणवत नव्हतं, पण धावायला लागलं की दुसऱ्या किलोमीटरपासून दुखणं सुरू व्हायचं आणि थांबेपर्यंत वाढतच जायचं.

ती आयुष्यातल्या पहिल्या १० किमीची तयारी करत होती. वय ३८, वजन ७४ किलो, आठवड्यातून तीन वेळा धावणं, आणि आठव्या आठवड्यापर्यंत आठवड्याचे २० किमी व्यवस्थित होत होते. मग गुडघ्याच्या वाटीभोवती थोडं दुखू लागलं. कुणीतरी सांगितलं की जाड सोलचे बूट पायाला आळशी करतात, पातळ सोलचे घे, गुडघा सुटेल. तिने तसे बूट घेतले आणि जुने कपाटात ठेवून दिले. गुडघा खरंच सुटला. तीन आठवड्यांनी मात्र हे नवीन दुखणं आलं.

गुडघा बरा झाला हे खरं आणि पाऊल दुखावलं हेही खरं. या दोन गोष्टी एकाच वेळी का घडल्या हे एकदा समजलं, की बुटांबद्दलचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

आधी दोन बुटांत फरक काय तो पाहू. नेहमीच्या कुशनच्या बुटात टाचेखाली साधारण ३० ते ४० मिमी जाडी असते आणि चवड्याखाली त्याहून कमी. या दोन जाड्यांमधल्या फरकाला धावणारे 'ड्रॉप' म्हणतात. तो बहुतेक वेळा ८ ते १२ मिमी असतो, म्हणजे टाच चवड्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच असते. पातळ सोलच्या, म्हणजे मिनिमल बुटात हा फरक शून्य किंवा फार तर चार मिमी, सोल बोटाच्या जाडीइतका किंवा त्याहून पातळ, बूट वजनाला हलका, आणि हातात धरून गुंडाळला तर सहज वळतो. २०१५ मध्ये संशोधकांनी एकत्र बसून बूट किती मिनिमल आहे हे ठरवायला पाच निकष घातले: वजन, लवचिकता, ड्रॉप, सोलची जाडी, आणि पाऊल वळू नये म्हणून घातलेल्या आधारांची संख्या. त्यामुळे हे दोन वेगळे डबे नाहीत, एकाच पट्टीची दोन टोकं आहेत. दुकानातले बरेचसे बूट मधे कुठेतरी बसतात.

आता भाराकडे येऊ. सावकाश धावतानाही प्रत्येक पावलाला जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट असतो. माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत तो १७०-१८० किलोच्या आसपास जातो. साडेसात मिनिटाला एक किलोमीटर या वेगाने १० किमीला ७५ मिनिटं लागतात. मिनिटाला १६० पावलं धरली तर एकूण १२,००० पावलं होतात, म्हणजे एकेका पायावर ६,०००. हा हिशेब कोणताही बूट बदलू शकत नाही. सोल जाड असो की पातळ, शरीर हवेतून खाली येणार आणि पायाला ते थांबवावं लागणार.

बदलतं ते इतकंच की थांबवण्याचं काम पायातला कोणता भाग करणार. जाड टाचेच्या बुटात बहुतेक जण पाय थोडा पुढे टाकून टाचेवर उतरतात. मग गुडघा वाकतो आणि मांडीचे स्नायू ब्रेक लावतात. ते स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून ओढले जात असल्यामुळे वाटीमागे दाब वाढतो. पातळ सोलमध्ये टाच जमिनीवर आपटली की लागते, म्हणून शरीर बहुतेकदा पाऊल आखूड करतं आणि चवड्यावर किंवा सपाट उतरतं. आता ब्रेक लावते पोटरी. पोटरीचा जोर टाचेमागच्या अकिलीस कंडरेतून जातो आणि उतरण्याचा दाब चवड्याच्या लांब, बारीक हाडांवर येतो. शिवाय जाड टाचेमुळे जो एक सेंटिमीटरचा उंचवटा मिळत होता तो गेल्याने कंडरा प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते.

म्हणजे मैत्रिणीच्या गुडघ्यावरचं ओझं उतरलं, पण नाहीसं झालं नाही. ते खाली सरकलं, पोटरीवर, कंडरेवर आणि दुसऱ्या बोटामागच्या हाडावर.

पातळ सोलच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे, आणि ते नीट मांडलं पाहिजे. २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आयुष्यभर अनवाणी धावलेली माणसं बरेचदा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्यावर दिसणारा जोराचा तो टोकदार पहिला धक्का त्यांच्यात जवळजवळ नसतो. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की चवड्यावर उतरणं हेच नैसर्गिक. पण २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासनाच लोकांचा अभ्यास झाला. तेही सवयीने अनवाणी राहणारे आहेत. त्यांच्यातले बहुतेक जण सावकाश, लांब पल्ल्याच्या वेगाने धावताना टाचेवरच उतरत होते. वेग वाढला तसे काही जण चवड्याकडे सरकले. नवशिक्याच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, कारण नवशिक्या सावकाशच धावतो. पातळ बूट घातला की चाल आपोआप बदलेल असं गृहीत धरू नका. काही जण पातळ सोलमध्येही टाचच आपटत राहतात, आणि तेव्हा त्यांना दोन्हीकडचा तोटा होतो. कुशन नाही आणि आखूड पाऊलही नाही.

उलट बाजूने, जितकं जाड तितकं सुरक्षित हेही खरं नाही. २०१८ मध्ये फिनलंडमधल्या एका प्रयोगात फार जाड कुशनच्या बुटात आणि साध्या बुटात धावताना पायाची हालचाल मोजली. मऊ बुटात धावणाऱ्यांनी नकळत पाय अधिक ताठ ठेवला आणि वेगात धावताना उतरण्याचा पहिला धक्का उलट मोठा आला. शरीर खालचा मऊपणा ओळखतं आणि त्यानुसार पायाची स्प्रिंग घट्ट करतं. फरसबंदीवरून वाळूत पाऊल टाकताना आपण न ठरवता जे करतो, तेच हे.

मग दुखापतींच्या आकड्यांचं काय? इथे दोन अभ्यास मला सगळ्यात उपयोगी वाटतात, कारण दोन्हींत माणसाच्या वजनाचा विचार झालाय. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना बाहेरून सारखेच दिसणारे, पण आतून मऊ किंवा कडक कुशनचे बूट दिले आणि सहा महिने लक्ष ठेवलं. २०२० मध्ये निकाल आला: कडक बुटात दुखापतीचा धोका साधारण दीडपट होता. मऊपणाचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना झाला, जड वजनाच्या लोकांत तो फरक स्पष्ट दिसला नाही. दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०१७ चा. त्यात काहींना मिनिमल आणि काहींना नेहमीचे बूट देऊन २६ आठवडे पाहिलं. साधारण ७१ किलोच्या वर वजन असलेल्यांना मिनिमल बुटात दुखापतीचा धोका जास्त होता, आणि वजन वाढत गेलं तसा तो वाढत गेला. हे दोन निकाल एकमेकांच्या विरुद्ध वाटतील, पण प्रश्नच वेगळे आहेत. पहिल्यात दोन्ही बूट जाडच होते, फरक फक्त मऊपणाचा होता. दुसऱ्यात सोलच पातळ होता. माझी मैत्रीण ७४ किलोची. तिच्यासाठी दुसरा निकाल कामाचा होता.

तरी तिचं खरं कारण वजन नव्हतं. खरं कारण हाड होतं, आणि हाडाला लागणारा वेळ.

नवा भार आला की स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतात, जिना उतरताना भिंत धरावी लागते, आणि दोन-तीन आठवड्यांनी ते थांबतं. माणसाला वाटतं, झालं, सवय झाली. कंडरेला मात्र महिने लागतात. हाडाचं तर वेगळंच आहे. हाड मजबूत होण्याआधी थोडं कमकुवत होतं. नवा ताण आला की शरीर आधी जुना, थकलेला भाग पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं हाड भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश, आणि सगळं चक्र पूर्ण व्हायला तीन-चार महिने लागतात. म्हणून सुरुवातीनंतरचे काही आठवडे, नेमके ज्या वेळी पोटऱ्यांचं दुखणं संपून आत्मविश्वास आलेला असतो, तेव्हा आत हाड सगळ्यात नाजूक अवस्थेत असतं.

अमेरिकेत २०१३ मध्ये ३६ अनुभवी हौशी धावपटूंवर हेच करून पाहिलं. एका गटाला दहा आठवड्यांत हळूहळू बोटांच्या खोबणी असलेल्या अगदी पातळ बुटांकडे नेलं, दुसरा गट नेहमीच्या बुटांत राहिला. आधी आणि नंतर पावलांचे एमआरआय काढले. पातळ बुटांच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पावलाच्या हाडांत सूज वाढलेली दिसली, दुसऱ्या गटात ती क्वचितच होती. हे नवशिके नव्हते, आणि त्यांना बदल एकदम करायला सांगितलाही नव्हता.

आता मैत्रिणीचा हिशेब तिच्या हाडाच्या बाजूने मांडून बघू. तिच्या डायरीत सगळं नीट होतं. आठव्या आठवड्यात २० किमी, नवव्यात २०, दहाव्यात २१. अंतर वाढलंच नाही, मग चुकलं कुठे? एका किलोमीटरला साधारण १,२०० पावलं. २० किमीची २४,०००, म्हणजे एका पायावर १२,०००. जुन्या बुटांत यातला मोठा भार गुडघा आणि मांडी उचलत होते. नव्या बुटांत तीच १२,००० पावलं चवड्यावर आली. डायरी सांगत होती की वाढ शून्य टक्के आहे. दुसऱ्या बोटामागच्या हाडाच्या दृष्टीने मात्र जवळजवळ शून्यावरून एका आठवड्यात १२,००० वर उडी होती. तिला सराव वाढवल्यासारखं वाटलंच नाही, कारण तिने मोजलं ते अंतर. सरकलेला भार तिने मोजलाच नव्हता.

म्हणून मी सांगते, पातळ बुटाचं खातं वेगळं ठेवा. त्यात धावलेला प्रत्येक किलोमीटर वहीत वेगळ्या रकान्यात लिहा आणि तो रकाना पहिल्या दिवशी शून्य आहे असं समजून वाढवा, भले दुसऱ्या बुटात तुम्ही २० किमी धावत असाल.

पहिल्या १० किमीसाठी मी नवशिक्याला काय घ्यायला सांगते, तर मध्यम कुशन, ६ ते १० मिमी ड्रॉप, आणि पायात घातल्या घातल्या बरा वाटणारा बूट. तयारीच्या बारा आठवड्यांत तुम्ही आधीच पायाला एक मोठी नवी गोष्ट शिकवताय, ती म्हणजे धावणं. त्याच बारा आठवड्यांत दुसरी नवी गोष्ट घुसवली तर दुखलं कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही. पाय ओला करून ठसा पाहायचा आणि कमानीवरून बूट ठरवायचा ही पद्धत अजून चालते, पण अमेरिकी सैन्यदलांतल्या हजारो प्रशिक्षणार्थींवर ती तपासून पाहिली तेव्हा कमानीनुसार बूट देऊन दुखापती कमी झाल्या नाहीत. त्यापेक्षा दुकानात दोन-तीन जोड घालून प्रत्येकात मिनिटभर हळू धावा आणि ज्यात पायाकडे लक्ष जात नाही तो घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. उभं राहून लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बूट हातात घेऊन वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकायला हवा, मधोमध दुमडता कामा नये. फार जाड, फार मऊ सोलवर एका पायावर उभं राहून पाहा. घोटा डुगडुगत असेल तर तो बूट तुमच्यासाठी नाही.

एक जोड साधारण ५०० ते ८०० किमी टिकतो. बारा आठवड्यांत नवशिक्याचे जेमतेम २०० किमी होतात, त्यामुळे सराव सुरू करताना घेतलेल्या बुटातच १० किमी धावता येतं. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात नवा बूट घेऊ नका.

आणि गुडघा दुखला तर? मैत्रिणीला बूट न बदलता करता येण्यासारखी एक गोष्ट होती. तिची पावलं मिनिटाला १५६ पडत होती. वेग तोच ठेवून ती पाच ते सात टक्क्यांनी वाढवली, म्हणजे १६५ च्या आसपास आणली, तर पाऊल आपोआप आखूड होतं, पाय शरीराच्या खाली पडतो आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो. पातळ बूट गुडघ्यासाठी जे करतो त्यातलं बरंचसं एवढ्याने मिळतं, आणि चवड्यावर एकदम ओझं पडत नाही. मोजायला सोपं आहे: अर्धा मिनिट उजवं पाऊल किती वेळा पडतं ते मोजा आणि चारने गुणा.

पातळ बुटाची ओढ असेल तर ती चूक नाही. पावलाचे छोटे स्नायू त्याने बळकट होतात, हे खरंच आहे. फक्त वाट लांब आहे. पहिले चार आठवडे ते बूट घालून फक्त चाला, रोज अर्धा तास, पुढे तास. सोबत टाचा उचलण्याचा व्यायाम करा. आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर, गुडघा सरळ ठेवून. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण वर जाईपर्यंत पातळ बुटात धावायला सुरुवात करू नका. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, नेहमीचं धावणं झाल्यावर बूट बदलून ४०० मीटर. म्हणजे एका पायावर २४० पावलं. दर आठवड्याला २०० मीटर वाढवा, आणि ज्या आठवड्यात बाकीचं अंतर वाढवाल त्या आठवड्यात इथे काही वाढवू नका. या गतीने शर्यतीच्या वेळी पातळ बुटातलं अंतर आठवड्याला दोन-तीन किमीच्या पुढे जाणार नाही. तेवढं पुरे आहे. पूर्ण बदल करायचाच असेल तर तो १० किमी झाल्यावर करा, आणि त्याला सहा महिने द्या.

कुठलं दुखणं चालेल आणि कुठलं नाही, हे ओळखता आलं पाहिजे. पोटरी दोन्ही पायांत सारखी, पसरून दुखत असेल आणि दोन दिवसांत कमी होत असेल तर तो सवयीचा भाग आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाचेमागे कडकपणा असेल आणि तो दिवसेंदिवस जास्त वेळ टिकत असेल, तर कंडरा कुरकुरते आहे. पातळ बूट बाजूला ठेवा आणि अंतर कमी करा. पण दुखणं एका बोटाने दाखवता येत असेल, हाडावर दाबलं की कळ येत असेल, धावताना कमी न होता वाढत असेल, आणि लंगडी घालताना त्याच जागी टोचत असेल, तर त्याच दिवशी धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते, आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये अशी चीर बरेचदा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला आणि दुखणं मात्र तसंच आहे, तर धावायला परवानगी मिळाली असं समजू नका. एमआरआय करावा का, ते डॉक्टरांना विचारा.

मैत्रिणीचंही तसंच झालं. एक्स-रेमध्ये काही नव्हतं, एमआरआयमध्ये दुसऱ्या मेटाटार्सलच्या, म्हणजे दुसऱ्या बोटामागच्या त्याच हाडाच्या आत सूज होती, चीर अजून पडली नव्हती. सहा आठवडे धावणं बंद, कडक सोलचा बूट घालून चालणं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर सायकल. त्यानंतर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं इथपासून पुन्हा सुरुवात, कपाटातल्या जुन्या बुटांत. पाच महिन्यांनी त्याच बुटांत तिने १० किमी पूर्ण केले, ७८ मिनिटांत. पातळ बूट तिने टाकून दिलेले नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी धावणं झालं की ती पिशवीतून ते काढते, मैदानाला अडीच फेऱ्या मारते आणि वहीच्या उजवीकडच्या रकान्यात लिहिते: १ किमी.